टाकीच्या रिपोर्टात १४ मुद्दे अन् पैसे निम्म्याचेच, तर हात आधी कुठं घालायचा

प्रश्न: "सर, आमच्या गावच्या १ लाख लिटरच्या उंच टाकीचा तपासणी रिपोर्ट आलाय. टाकी ३० वर्षं जुनी, सहा कॉलमवर उभी. गळती, गंज, शिडी, वरचा घुमट मिळून १४ मुद्दे आहेत अन् सगळ्यांपुढं 'तातडीने दुरुस्ती आवश्यक' लिहिलंय. ग्रामपंचायतीकडं निम्म्या कामाचेच पैसे आहेत. ठेकेदार म्हणायलाय आतून बाहेरून वॉटरप्रूफिंग अन् रंग मारून टाकू, गळायचं बंद होतंय. आधी काय करावं?"

उत्तर:

रंगाचं कोटेशन आधी बाजूला ठेवा. फोटोत टाकलेली रिपोर्टाची पानं मी दोनदा वाचली. काम वाईट केलेलं नाही, पण लिहिणाऱ्यानं टाकीभोवती फिरताना जे जसं दिसलं ते त्याच क्रमानं उतरवलंय, म्हणून रंग उडाल्याचा मुद्दा दुसऱ्या नंबरला अन् कॉलमचा नवव्या नंबरला आलाय. आणि सगळ्यालाच तातडीचं म्हटलं की तातडीचं असं काही उरतच नाही. खरी अडचण अशी आहे की धोका कशाचा जास्त ही एक यादी असते अन् काम आधी कुठून सुरू करायचं ही दुसरी, आणि दोन्हींचा क्रम वेगळा येतो. बहुतेक गावांचा पैसा या दोन यादींच्या घोळातच वाया जातो.

टाकी मी डोळ्यांनी पाहिलेली नाही, त्यामुळं खाली जे सांगतो ते तुमच्या रिपोर्टातले आकडे खरे धरून. वीसेक वर्षं परभणी, हिंगोली, बीडकडच्या टाक्यांवर चढउतार केलीय, त्या अनुभवावर बोलतोय. शेवटचा निर्णय जागेवर येणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनीअरचाच.

धोक्याच्या यादीत पहिला तुमचा मुद्दा नं. ९. कॉलम ३ आणि ४, खालच्या ब्रेसच्या, म्हणजे कॉलमांना जोडणाऱ्या आडव्या बीमच्या, लगेच वर, काँक्रीट सुटलंय, सळई उघडी पडलीय, १६ ची सळई मोजली तर १४ भरली अन् ८ च्या रिंगा ५ वर आल्यात. वाचायला दोनच मिलिमीटर वाटतात, पण सळईची ताकद तिच्या क्षेत्रफळात असते. १६ चं क्षेत्रफळ २०१ चौरस मिमी, १४ चं १५४, म्हणजे जवळपास पाव भाग गेला. आणि रिंगांचं तर बघाच, ५० वरून २० वर, अर्ध्याहून जास्त गायब. रिंगा बारीक असतात अन् बाहेरच्या अंगाला असतात म्हणून त्या आधी खातात, आणि त्यांचं काम उभ्या सळयांना आवळून धरायचं. रिंग तुटली की उभी सळई बाहेरच्या अंगाला फुगायला मोकळी होते. म्हणून मी कॉलम बघताना मुख्य सळईच्या आधी रिंगा बघतो.

हे बरोबर ब्रेसच्या वरच का होतं? कॉलम एका दमात भरत नाहीत, ब्रेसपर्यंत भरायचा, थांबायचं, मग पुढचा टप्पा. त्या जोडावर सळयांचे लॅप, म्हणजे एकमेकींवर चढवलेली टोकं, असतात, गर्दी असते, वरून टाकलेलं काँक्रीट खाली नीट बसत नाही अन् हनीकोंब, म्हणजे पोळ्यासारखी पोकळी, राहतं. त्या काळी त्यावर सिमेंटचा हात फिरवून झाकायचे. वरून ब्रेसच्या माथ्यावर पाणी साचतं, धूळ साचते, कबुतरांची घाण साचते. तीस वर्षं हे चाललं की काँक्रीटचा अल्कलीपणा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं मरतो, आणि सळईला गंजापासून वाचवणारा तोच असतो. तपासायला सोपं आहे, ताजा तोडलेला भाग घ्यायचा अन् त्यावर फिनॉल्फथॅलिनचा फवारा मारायचा, गुलाबी झालं तितका भाग जिवंत, बिनरंगाचा राहिला तितका मेलेला. तुमच्या रिपोर्टात मेलेली जाडी ३५ मिमी अन् सळईवरचं कव्हर, म्हणजे तिच्यावरच्या काँक्रीटची जाडी, ४० लिहिलंय. म्हणजे आज चांगल्या दिसणाऱ्या कॉलममध्येसुद्धा फक्त ५ मिमी अंतर राहिलंय, आणि जिथं कव्हर कमी पडलं असंल तिथं आत सुरू झालेलं असणार.

इथं एक फसवी गोष्ट सांगतो. रिपोर्टात काँक्रीटचा टणकपणा मोजणाऱ्या हॅमरचे आकडे चांगले आलेत अन् त्यावरून 'काँक्रीटचा दर्जा समाधानकारक' असा शेरा मारलाय. कार्बन डायऑक्साइड लागून मेलेलं काँक्रीट वरून जास्त टणक होतं, त्यामुळं जुन्या टाकीवर हॅमर खोटं गुणपत्रक देतो. सळईचा गंज व्होल्टेजवरून ताडणाऱ्या हाफसेलच्या रीडिंगचं पण तसंच, कॉलम ३ ला उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडं गेलंय म्हणजे गंज चालू असायची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर, इतकाच त्याचा अर्थ. सळई किती उरली ते त्यातनं कळत नाही. त्याला फोडून, वायर ब्रशनं चकाकेपर्यंत घासून, व्हर्नियरनंच मोजावं लागतं. कन्सल्टंटला सांगा की सहाही कॉलमला नंबर टाकून द्या, प्रत्येकाचं थोडं काँक्रीट फोडून सळई दिसंल अशी एक खिडकी उघडा, जमिनीपासून किती उंचीवर अन् उरलेली जाडी किती हे लिहून द्या. आणि एका कॉलमच्या बुडाशी मीटरभर खड्डा घ्यायला लावा. जमिनीखालचं कुणीच बघत नाही, आणि तुमची ओव्हरफ्लोची पाइप अर्ध्यात तुटलीय हे फोटोत दिसायलंय, म्हणजे कित्येक वर्षं पाणी कॉलमच्या पायातच पडायलंय. काळी माती आहे का तिथं? असंल तर ओळंबा सोडून कॉलम वाकलेत का तेही बघा अन् तारीख टाकून नोंद ठेवा, एकदा मोजून काही कळत नसतं, चार महिन्यांनी परत मोजल्यावर कळतं.

भेगांबद्दल गावात फार घोळ होतो म्हणून थोडं. गिलाव्याच्या भेगा जाळीसारख्या, कुठंही, कशाही असतात, त्यांना घाबरू नका. गंजाची भेग कॉलमच्या कोपऱ्याजवळ सळईच्या ओळीनं सरळ उभी जाते, कडेला तांबूस ओघळ असतो अन् हातोडी मारली की बद्द आवाज येतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा मागतो, म्हणून तो काँक्रीट आतून ढकलतो. पण ब्रेस अन् कॉलमच्या जोडावर तिरपी भेग दिसली तर ती गंजाची नाही, ती बळाची आहे, ९३ ला किल्लारीच्या भूकंपावेळी जी टाकी उभी होती तिच्यात तर हे बघायलाच पाहिजे. अशी भेग असंल तर माझं उत्तर इथंच थांबवा अन् टाकी रिकामी करून डिझायनर बोलवा.

आता आज, म्हणजे पैसे यायच्या आधी काय करायचं ते. टाकी अर्धीच भरायची. १ लाख लिटर म्हणजे १०० टन पाणी, टाकीचं स्वतःचं वजन ढोबळ तेवढंच धरा. पूर्ण भरली तर प्रत्येक कॉलमवर साधारण ३३ टन, अर्धी भरली तर २५. पंप चालवणाऱ्या माणसाला तास कमी करून द्या अन् पातळीच्या पट्टीवर लाल खूण करा. प्रेशर थोडं कमी होईल, शेवटच्या गल्लीची तक्रार येईल, येऊ द्या, त्यांना घेऊन कॉलम दाखवा. टाकीखाली काटेरी झुडपं टाकून जागा बंद करा, तिथं म्हशी बांधतात अन् पोरं खेळतात हे सगळीकडंच चालतं. शिडीचे खालचे दहाबारा पायडे कापून टाका किंवा जाळी ठोका, तुमच्या मुद्दा नं. ११ मध्ये पायडे गंजून हातात आल्याचं लिहिलंय. टाकी पडून माणूस मेल्याचं क्वचित होतं, शिडीवरून पडायचं नेहमीच होतं. या सगळ्याला फार पैसे लागत नाहीत.

आता गळती. तुमच्या रिपोर्टात 'मोठ्या प्रमाणावर गळती' एवढंच आहे, किती अन् कुठून हे नाही. मोजायला काहीच अवघड नाही. संध्याकाळी टाकी भरा (सध्या अर्धीच), इनलेट आउटलेट दोन्ही व्हॉल्व्ह घट्ट बंद करा, पातळी खुणा करून १२ तास थांबा. तुमच्या टाकीचा आतला व्यास ६ मीटर, म्हणजे पाण्याची पातळी १ सेंटीमीटर उतरली की २८३ लिटर गेले. समजा रात्रीतनं ६ सेंटीमीटर उतरली, तर १७०० लिटर. आता भिंतीतनं पाझरून रात्रीत १७०० लिटर जात असतील तर खाली चिखल झाला पाहिजे. चिखल नाही, नुसती ओल आहे, तर पाणी दुसरीकडं जायलंय.

बीड जिल्ह्यात एका गावात असंच झालं होतं. रात्रीतनं ११ सेंटीमीटर उतरायचं, पंचायतीनं आतून एपॉक्सी मारायचं ठरवून ठेवलेलं. मी खाली चेंबरमध्ये उतरलो, आउटलेटच्या व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं अन् मूठ कानाला लावली, आतून सर्र आवाज चालू. व्हॉल्व्हची गेट झिजली होती, बंद केला तरी पाणी लाइनीत जात होतं अन् खालच्या आळीतल्या नळांना रात्रभर बारीक धार येत होती. त्या आळीनं कशाला तक्रार करावी. व्हॉल्व्ह बदलला, परत मोजलं, ११ चे ते २ वर आले. म्हणून परीक्षा करताना आउटलेटच्या फ्लँजमध्ये पत्र्याची आंधळी चकती टाकूनच मोजा, नुसत्या व्हॉल्व्हवर भरवसा ठेवू नका.

चकती टाकूनही पाणी उतरत असंल तर मग टाकीचीच गळती. ती तीन ठिकाणी असते, पाइप तळातून जिथं आत शिरतात तिथं, भिंत अन् तळ जिथं मिळतात त्या रिंगबीमच्या जोडावर, आणि भिंतीतल्या टप्प्याच्या आडव्या जोडावर. बारीक केसासारख्या भेगेतून पांढरा थर येऊन ती सुकली असंल तर तिला हात लावू नका, चुन्यानं ती स्वतःच बुजलीय. ओली आहे, वाढायलीय किंवा पांढऱ्यात तांबूस रंग मिसळलाय ती कामाची. तांबूस म्हणजे पाणी सळईला लागून येतंय.

आणि आता दोन्ही गोष्टी जोडा. गळती रिपोर्टात रिंगबीमला दाखवलीय तुटक्या ओव्हरफ्लोच्या बाजूला, अन् सडलेले कॉलम ३ आणि ४ त्याच बाजूचे. हे योगायोगानं होत नाही. रिंगबीमचं पाणी कॉलमच्या अंगावरून उतरतं अन् ब्रेसवर थांबतं. आपल्याकडं तर पाणी चार दिवसांआड, आठ दिवसांआड, म्हणजे टाकी भरते, गळते, रिकामी होते, वाळते, परत भरते. सतत ओल्या काँक्रीटमध्ये हवा जात नाही, सतत कोरड्यात पाणी नसतं, गंजाला दोन्ही लागतं अन् आपण त्याला पाळीपाळीनं दोन्ही पुरवतो. म्हणून कॉलमची दुरुस्ती धोक्यात पहिली असली तरी गळती चालू ठेवून कॉलमला पॅच मारला तर दोनतीन पावसाळ्यांत तो पॅच आख्खा सुटून हातात येतो, त्याच्या मागं नवा गंज.

तिसरी जागा वरचा घुमट, मुद्दा नं. १३. आतून खालच्या अंगाला सळयांची जाळी दिसायलीय. लोकांना वाटतं पाण्यात बुडालेला भाग जास्त सडतो, उलट आहे, पाण्याच्या वरची मोकळी जागा जास्त सडते. तिथं वाफ धरते अन् क्लोरीन कोंडतं. आपल्याकडं टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंगची, पावडर मॅनहोलमधून तशीच ओततात, काही ठिकाणी पोतंच टांगतात, अन् बघा, मॅनहोलच्या भोवतीचा हातभर घुमट अन् आतल्या शिडीचा वरचा भाग सगळ्यात जास्त खाल्लेला असतो. टीसीएल खाली बादलीत कालवून, गाळ बसू देऊन, वरचं निवळ पाणी डोसरनं इनलेटच्या लाइनीत सोडा. घुमटाचे तुकडे पाण्यात पडतात म्हणून हे आरोग्याचंही काम आहे, पण घुमट पडला तरी टाकी उभी राहते, कॉलम गेला तर नाही, त्यामुळं पैसे कमी पडले तर घुमटावर चालणं बंद करून तो पुढच्या वर्षी ढकलता येतो. एक अट, मग आतलं महागडं कोटिंगही पुढच्या वर्षीच करायचं. कारण घुमट फोडताना सगळा मलबा तळावर पडतो अन् नव्या कोटिंगच्या चिंध्या होतात. ठेकेदार हमखास उलटं करतो, कोटिंगचं बिल मोठं असतं म्हणून.

तर निम्म्या पैशात क्रम असा बसतो: आउटलेटचा व्हॉल्व्ह अन् ओव्हरफ्लोची पाइप, मग रिंगबीम आणि पाइपच्या जोडांची गळती फक्त तेवढ्याच पट्ट्यात आतून, आणि लगेच कॉलम. गळती बाहेरून बुजवायच्या भानगडीत पडू नका, पाण्याचा दाब आतून आहे, बाहेरचा लेप तो ढकलून देतो, आणि ठेकेदाराचं वॉटरप्रूफिंग निम्मं बाहेरचंच आहे. आत टाकी रिकामी करून जोड व्ही आकारात उघडायचा, पॉलिमर मॉर्टरनं भरायचा, ज्या भेगेतून पाणी येत होतं तिथं इंजेक्शन ग्राउट, अन् वरून पिण्याच्या पाण्याला चालणारंच कोटिंग, त्याचं सर्टिफिकेट मागून घ्या.

कॉलमचं काम टाकी पूर्ण रिकामी असताना. बारा मीटर उंचीच्या टाकीला खालून जॅक लावून कॉलमचा भार घेतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, पाणी काढणं हाच खरा आधार. एका वेळी एकच कॉलम फोडायचा. सैल काँक्रीट नुसतं सळईच्या पुढचंच नव्हे, सळईच्या मागं बोट जाईल इतकं, वीस पंचवीस मिमी, काढायचं. इथंच सगळे चोरी करतात, समोरून फोडतात अन् मागची बाजू तशीच ठेवतात, गंज तिथूनच परत सुरू होतो. सळई चकाकेपर्यंत साफ, त्यावर झिंकचा प्रायमर, जिथं पाव भाग गेलाय तिथं जोड सळई अन् नव्या रिंगा. तुमच्या ३ आणि ४ ला मला नुसता पॅच पुरेसा वाटत नाही, चारी बाजूंनी ७५ ते १०० मिमीचं मायक्रोकाँक्रीटचं जॅकेट लागंल, बाकी चारला खिडक्या उघडल्यावर ठरवा. जॅकेट फूटिंगपासून, म्हणजे जमिनीखालच्या पायापासून, उठलं पाहिजे अन् त्याच्या सळया फूटिंगमध्ये अँकर झाल्या पाहिजेत. जमिनीवरून सुरू केलेलं जॅकेट म्हणजे कॉलमला घातलेला सदरा, भार ते घेतच नाही. मी असे सदरे तीन गावांत पाहिलेत.

हे सगळं दिवाळीनंतर धरा. मे महिन्यात ४२-४३ डिग्रीला जॅकेटला पाणी किती मारलं तरी पुरत नाही, शिवाय तेव्हा टाकी रिकामी ठेवायची सोयच नसते. दिवाळीनंतर विहिरीला पाणी असतं, टाकी बायपास करून पंपानं सरळ लाइनीत पाणी सोडता येतं, फक्त पंपाच्या प्रेशरनं जुन्या लाइनी फुटू नयेत म्हणून व्हॉल्व्ह दाबून चालवायचा. गोणपाट गुंडाळून किमान सात दिवस ओलं ठेवणं ठेकेदारावर सोडू नका, गावातला माणूस ठेवा.

दुरुस्ती करूच नये असंही असतं. सहापैकी चार कॉलममध्ये सळई पाव भागाहून जास्त गेलेली निघाली, किंवा कोअर, म्हणजे काँक्रीटचा कापलेला गोल नमुना, काढल्यावर काँक्रीटच भुसभुशीत निघालं, तर मी दुरुस्तीवर सही करत नाही. तेव्हा हेच निम्मे पैसे जमिनीवरच्या तात्पुरत्या टाकीला लावा अन् नव्या टाकीचा प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडं रिपोर्ट जोडून टाका. म्हणूनच म्हटलं खिडक्या आधी उघडा, ठेका नंतर द्या.

काम झालं की पास झालं का हे ठेकेदाराला विचारायचं नाही. आयएस ३३७० मध्ये उंच टाकीची परीक्षा साधी दिलीय, टाकी पूर्ण भरा, सात दिवस काँक्रीटला पाणी पिऊ द्या, नंतरचे सात दिवस बाहेरचं अंग कोरडं दिसलं पाहिजे, कुठं गळती दिसता कामा नये. तुमच्या टाकीला तीन टप्प्यांत भरा, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, पूर्ण, प्रत्येक टप्प्याला एक दिवस थांबून कॉलमवर नवी भेग येते का बघा. शेवटचं निम्मं बिल या चौदा दिवसांनंतर, हे वर्कऑर्डरमध्ये लिहून घ्या. आणि तोवर रंगवाल्याला टाकीजवळ फिरकू देऊ नका, ओल पहिल्यांदा दिसते ती उघड्या काँक्रीटवर, रंगावर ती सहा महिन्यांनी दिसते अन् तेव्हा ठेकेदाराचा फोन लागत नसतो.